बॉक्सचे रंग : प्रेसवाल्या काकांना पत्र लिहिलंय, जरा बघता का?

ओव्हनवाली

मी घरून केक आणि ब्राउनी करते. अर्धा किलोच्या केकसाठी ८ × ८ × ५ इंचाचे छापील बॉक्स लागतात. मागच्या दिवाळीला आमच्याच गावातल्या एका प्रेसमधून ५०० करून घेतले. माझे ब्रँडचे रंग तीन : अबोली, डाळिंबी आणि सायीसारखा क्रीम. बॉक्सचं झाकण पूर्ण अबोली, त्यावर डाळिंबी लोगो, बाजूंना क्रीम. झाकण बंद करायला एक गोल स्टिकर लावते, तोही अबोलीच. तो दुसरीकडे डिजिटलवर छापलेला.

बॉक्स आले ते विटकरी! स्टिकर मात्र बरोबर अबोली. त्यामुळे झाकणावर स्टिकर लावला की भिंतीला पडलेलं भोक बुजवून वरून रंग न मारल्यासारखं दिसायचं. एका गिऱ्हाईकाने विचारलं, "बॉक्स जुना आहे का?" त्या दिवशी मला रडू आलं.

आता १००० बॉक्स करायचेत. प्रेस बदलायची नाहीये. काका प्रामाणिक आहेत, घराजवळ आहेत, पंचिंग-पेस्टिंग फार सुबक करतात. मागच्या वेळी तोंडी बोललो आणि दोघांनी आपापलं समजून घेतलं, म्हणून या वेळी पत्रच देणार आहे. कच्चा मसुदा :

*"आदरणीय काका, स. न. वि. वि. मागील ऑर्डरमध्ये रंगात खूप फरक पडला होता. या वेळी सर्व रंग माझ्या लोगोप्रमाणे १०० टक्के तंतोतंत जुळले पाहिजेत. लोगो व्हॉट्सअॅपवर परत पाठवत आहे. मोबाइलवर दिसतो तसाच रंग हवा. रंग न जुळल्यास माल स्वीकारला जाणार नाही. कळावे."*

कसं वाटतंय? जास्त कडक झालंय का?

---

पेठकर

शेवटचं वाक्य आमच्या सोसायटीच्या पाणीपट्टीच्या नोटिशीतून घेतलंय का? 😀

---

सुगरणबाई

अबोली रंगासाठी लिक्विड कलर वापरू नका, जेल वापरा. गुलाबीचे दोन थेंब आणि नारिंगीचा एक. आणि बटरक्रीम आदल्या रात्री रंगवून ठेवा, रंग मुरतो आणि सकाळी गडद होतो. लगेच पाहून अजून थेंब टाकलात तर विटकरीच होणार.

---

ओव्हनवाली

सुगरणबाई, रंग केकचा नाही हो, खोक्याचा 🙏 पण टीप लिहून घेतली.

---

संगणकमित्र

चूक व्हॉट्सअॅपची आहे. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान करतो, रंगही बिघडतात. पीडीएफ करून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, आणि डिझायनरकडून चार शाईंचे आकडे घ्या, म्हणजे C M Y K. ते आकडे पत्रात लिहिले की विषय संपला. जगात कुठेही छापा, रंग तोच येणार.

---

शाईवाला

वडिलांची प्रेस होती, आता मी चालवतो. आधी वाईट बातमी सांगतो. असं पत्र माझ्याकडे आलं तर मी दोनपैकी एक करेन : दर वाढवून सांगेन किंवा "दिवाळीनंतर बघू" म्हणेन. "सर्व रंग" आणि "१०० टक्के" हे शब्द वाचले की आम्हाला कळतं, या गिऱ्हाईकाला नेमकं काय हवंय हे त्यालाच ठाऊक नाही. आणि "मोबाइलवर दिसतो तसा" म्हणजे कोणाच्या मोबाइलवर? तुमच्या, माझ्या, की माझ्या ऑपरेटरच्या, ज्याच्या स्क्रीनला दोन वर्षांपासून तडा गेलाय?

संगणकमित्र, फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा हे बरोबर. पण आकडे लिहिले की रंग तोच येतो, हे नाही. ते आकडे कोणती शाई किती टाकायची त्याचे आहेत. आमटीत दोन चमचे तिखट टाका असं लिहिलं तरी तुमच्या घरचं तिखट आणि कोल्हापूरचं तिखट एक नसतं. बोर्ड बदलला, मशीन बदललं, शाईची कंपनी बदलली की त्याच आकड्यांचा रंग वेगळा दिसतो.

ओव्हनवाली, तीन गोष्टी सांगा. एक, काकांना फाइल कोणती दिली होती? दोन, तुमचा जॉब एकटा छापला की दुसऱ्यांच्या जॉबबरोबर एकाच शीटवर? तीन, त्यातला एखादा बॉक्स शिल्लक आहे का?

---

ओव्हनवाली

१. व्हॉट्सअॅपवर जेपीजी. २. काका म्हणाले होते, "मिक्स जॉबमध्ये टाकतो, स्वस्तात पडेल." म्हणजे दुसऱ्यांबरोबर. ३. साठ-सत्तर शिल्लक आहेत, माळ्यावर.

---

शाईवाला

मग एक बॉक्स खाली काढा आणि भिंग मिळवा. साधं वाचायचं चालणार नाही, चांगलं दहा पट मोठं दाखवणारं हवं. झाकणाच्या अबोली भागावर ठेवा आणि ठिपक्यांत कोणकोणते रंग दिसतात ते सांगा.

---

ताणाबाणा

इचलकरंजीकर इथे. आमच्याकडे यंत्रमागावर कापडाचे धागे मोजायला घडीचं छोटं भिंग असतं, पिक ग्लास म्हणतात. खाली एक इंचाची चौकट असते, ती कापडावर टेकवायची आणि वरून डोळा लावायचा. प्रेसवालेही तेच वापरतात. घरात कोणी कापडातलं असेल तर विचारा. नसेल तर घड्याळजीकडचं डोळ्याला लावायचं भिंगही चालेल.

---

ओव्हनवाली

घड्याळजींकडे जाऊन आले. त्यांना आधी वाटलं मी हिरा तपासायला आणलाय, आणि पुठ्ठा पाहून निराश झाले.

पण काय दिसलं सांगू! वरून सलग वाटणारा रंग म्हणजे नुसते ठिपके आहेत. राणी रंगाचे मोठे ठिपके, पिवळे ठिपके, आणि त्यांच्या मधेमधे बारीक निळे. काही ठिकाणी एखाद-दुसरा काळाही. स्टिकरवर पाहिलं तर निळा जवळजवळ नव्हताच.

---

शाईवाला

सापडला चोर.

अबोलीत सायनचं, म्हणजे त्या निळ्याचं, काही काम नाही. स्वच्छ अबोली मॅजेंटा आणि पिवळ्यातूनच होतो. तुम्ही दिलेली जेपीजी स्क्रीनच्या रंगांत होती. ती छपाईच्या चार शाईंत बदलताना सॉफ्टवेअरने आपल्या मनाने थोडा सायन आणि चिमूटभर काळा टाकला. नारिंगी-गुलाबी रंगात निळा पडला की तो मळतो. तुमचा विटकरी आला तो असा.

त्यात मिक्स जॉब. एका शीटवर तुमच्या शेजारी कोणाचं तरी लालभडक पॅम्फ्लेट असणार. त्याला लाल हवा म्हणून ऑपरेटरने त्या पट्ट्यातला मॅजेंटा वाढवला की त्याच रांगेतला तुमचा बॉक्सही लाल झाला. त्यात काकांची लबाडी नाही. मिक्स जॉबमध्ये कोणा एकाचा रंग धरून बसता येत नाही, स्वस्त पडतं ते त्याचमुळे.

आणखी एक करून बघा. ते साठ-सत्तर बॉक्स एकावर एक रचा आणि कडेने पाहा. सगळे सारखे आहेत का?

---

ओव्हनवाली

नाहीत! काही गुलाबीसर आहेत, काही अगदीच माठाच्या रंगाचे. हे मला इतक्या महिन्यांत दिसलं नव्हतं.

---

गुलबक्षी

साड्यांच्या दुकानात काउंटरवर चौदा वर्षं काढलीत, म्हणून बोलते. छपाईतलं मला कळत नाही, पण मॅचिंग कळतं. बाई फॉलसाठी साडी घेऊन येते. आम्ही ट्यूबलाइटखाली तीन रीळ लावून दाखवतो, एक अगदी हुबेहूब जुळतं. मग तिला दुकानाबाहेर उन्हात नेतो आणि तेच रीळ वेगळं दिसतं. मोरपंखी आणि चिंतामणी तर हमखास फसवतात. म्हणून पत्रात हेही लिहा की रंग कुठल्या उजेडात बघायचा.

पण एका बाबतीत शाईवाल्यांशी नाही पटत. तुम्ही सगळे अबोलीच्या मागे लागलात. लोगो डाळिंबी आहे ना? ब्रँड म्हणजे लोगो. आधी तो जुळला पाहिजे.

---

शाईवाला

गुलबक्षीताई, उजेडाचं लाखमोलाचं बोललात. मोठ्या प्रेसमध्ये रंग बघायला ५००० केल्विनच्या दिव्याचं वेगळं टेबल असतं. गावातल्या प्रेसमध्ये कुठलं? मी सरळ दारात नेतो, सकाळी दहा ते दुपारी चारमध्ये, सावलीत. थेट उन्हात नाही, तिथे सगळंच झगझगीत दिसतं.

लोगोचं म्हणाल तर डाळिंबी गडद आहे. गडद रंग थोडा इकडेतिकडे झाला तर डोळ्याला लगेच कळत नाही, आणि लोगो आहे जेमतेम तीन इंचाचा. अबोली आहे ६४ चौरस इंच, सपाट, मध्यम गडद, आणि त्याच्यावर तसाच दुसरा अबोली चिकटवलेला. फरक तिथे दिसणार. माझ्या मते पत्रात रंगांची उतरंड लावा : हा जुळलाच पाहिजे, हा या मर्यादेत चालेल, आणि याची काळजी करू नका. तिसऱ्या यादीत काहीच नसेल तर पहिल्या यादीला अर्थ राहत नाही.

---

गुलबक्षी

म्हणजे लोगो तपकिरी आला तरी चालेल?

---

शाईवाला

नाही, आणि पत्रात लिहायचं असतं ते नेमकं हेच. नुसतं "थोडा फरक चालेल" म्हणू नका, तो कुठल्या बाजूला चालेल ते सांगा. डाळिंबी थोडा काळपट चालेल, तपकिरीकडे नको. अबोली एखादा पाव फिका किंवा गुलाबीसर चालेल, पण विटकरीकडे अजिबात नको. एवढं कळलं तर ऑपरेटर मशीनवर उभा असताना हात कुठे ठेवायचा ते ठरवू शकतो.

---

कोकणी_मेवा

माझा अनुभव. मी नाचणीचे लाडू विकते. 'नैसर्गिक' दिसावं म्हणून खाकी क्राफ्टचे बॉक्स घेतले आणि पोपटी पान छापायला दिलं. आलं ते शेवाळ. प्रेसवाला म्हणाला, "मॅडम, खालचा कागद खाकी, वरची शाई पारदर्शक, मग दुसरं काय होणार?" पांढरी शाई त्याच्याकडे नव्हती. शेवटी काळ्या एका रंगात छापलं आणि आता तेच लोकांना आवडतं.

ओव्हनवाली, तुमचा बोर्ड कुठला आहे?

---

ओव्हनवाली

डुप्लेक्स. आतून राखाडी, बाहेरून पांढरा. पण काका या वेळी आतून-बाहेरून पांढरा घ्या म्हणतायत, खाण्याची वस्तू आहे म्हणून.

---

शाईवाला

घ्या. काकांचं ऐका, पण दोन बोर्डांचा 'पांढरा'ही एक नसतो. एखादा निळसर असतो, एखादा पिवळसर, आणि छापलेल्या रंगाला तो खालून उजेड देत असतो. म्हणून नमुना त्याच बोर्डावर बघायचा, आर्ट पेपरवर काढून दिलेल्यावर नाही.

क्रीमचं काय केलं होतं मागच्या वेळी?

---

ओव्हनवाली

बाजूंना हलका क्रीम छापला होता. काही बॉक्सवर दिसतो, काहींवर पांढरंच वाटतं.

---

शाईवाला

मग तो छापूच नका. इतका फिका रंग म्हणजे पांढऱ्यावर पिवळ्याचे विरळ ठिपके. मशीनचा मूड जरा बदलला की गायब, नाहीतर लिंबू. किंचित उबदार पांढरा बोर्ड निवडा आणि बाजू कोऱ्या ठेवा. तुमचा क्रीम म्हणजे बोर्डच.

आता मोठा प्रश्न. क्रीम गेला की दोनच रंग उरतात. मल्टीकलरऐवजी दोन स्पेशल कलरमध्ये का छापत नाही? शाई आधीच मिसळून अबोली करायची आणि ती सलग छापायची. ठिपकेच नाहीत, तर निळा घुसणार कुठून? प्लेटही चारऐवजी दोनच लागतात. डिझायनरने पँटोनचे नंबर दिलेत का?

---

ओव्हनवाली

हो, फाइलमध्ये आहेत. अबोली १७० सी, डाळिंबी २०२ सी. मला वाटायचं तो फाँटचा नंबर आहे 😅 आणि स्क्रीनसाठी `#FF8674` आणि `#862633`.

---

संगणकमित्र

मग झालंच की. पँटोन नंबर दिला म्हणजे प्रिंटरला पळवाट नाही.

---

शाईवाला

नंबर उत्तम, भाषा एक होते. पण त्या नंबरामागे शेडबुक असतं. ते महाग, आणि काकांकडे असलंच तर कदाचित पंधरा वर्षं जुनं, उन्हात पिवळं पडलेलं. मग ते जुन्या पानाशी जुळवतील आणि तुम्ही नव्या पानाशी. शिवाय ते 'सी' आहे ना, ते चकचकीत लेप असलेल्या कागदावरचं. तुम्ही वरून लॅमिनेशन करणार असाल तर अजून बदल. मॅट केलंत तर रंग किंचित धुरकट होतो, ग्लॉस केलंत तर उठतो. म्हणून नंबर द्या, पण सोबत हातात धरता येईल असा तुकडा द्या.

---

ताणाबाणा

लॅब डिप! रंगाईवाल्याकडे आम्ही सुताचा नमुना पाठवतो. तो आधी छोटी लडी रंगवून देतो, आम्ही सही करून अर्धी परत देतो आणि अर्धी ठेवतो. नंतर भांडण झालं तर दोन्ही अर्ध्या शेजारी ठेवायच्या.

---

शाईवाला

अगदी तेच. शाई मिसळली की बोटाने किंवा पट्टीने त्याच बोर्डाच्या तुकड्यावर ओढायची. वाळू द्यायची. ओली शाई नेहमी जास्त भरलेली आणि चमकदार दिसते, वाळली की बसते. (सुगरणबाईंचं बटरक्रीम मुरून गडद होतं, आमची शाई मुरून मंद होते.) दुसऱ्या दिवशी त्यावर लॅमिनेशन मारून बघायचं. पसंत पडलं की मधोमध कापायचं, दोघांनी सही करायची, एक तुकडा काकांकडे आणि एक तुमच्याकडे. पाकिटात ठेवा, शोकेसमध्ये नको. अबोलीसारखे रंग उजेडात लवकर उडतात.

---

सुगरणबाई

बघा, माझा प्रतिसाद वाया गेला नाही.

---

दप्तरदार

उशिरा येतोय, पण कोणीच विचारलं नाही म्हणून : शाकाहारी चिन्ह कुठे आहे बॉक्सवर? हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका, हा रंग ब्रँडचा नाही, नियमाचा आहे. दोन रंगांत छापणार म्हणजे अबोली आणि डाळिंबी. हिरवी शाई कुठून आणणार? डाळिंबी ठिपका छापलात तर भलताच अर्थ निघेल.

---

शाईवाला

खरंच की. हे माझ्या लक्षातच आलं नाही.

---

पेठकर

अंडं घातलेला केक असेल तर तपकिरी ठिपका. डाळिंबीच थोडा जास्त भाजला की झाला तपकिरी!

---

दप्तरदार

पेठकर, ठिपका नाही आता. २०२०च्या लेबलिंग नियमांपासून मांसाहारी चिन्ह म्हणजे तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण. आणि अंडं असलं तरी तेच चिन्ह लागतं. ओव्हनवाली, तुम्ही दोन्ही प्रकार करता का?

---

ओव्हनवाली

दोन्ही करते! मागच्या बॉक्सवर हिरवा ठिपका छापलेला होता, आणि अंड्याच्या केकसाठी मी त्यावर स्टिकर डकवायचे. आता कळतंय किती उलटा कारभार होता.

---

दप्तरदार

मग चिन्ह बॉक्सवर नकोच. घटक, तारीख, वजन, परवान्याचा १४ आकडी क्रमांक, हे सगळं तसंही केकप्रमाणे बदलतं. एक पांढरं लेबल करा, हिरव्या चिन्हाचं एक आणि तपकिरीचं एक. डिजिटलवर थोडी थोडी छापून घ्या.

जाता जाता : खाण्याच्या पॅकिंगवरची शाई आयएस १५४९५ प्रमाणे असावी आणि छापलेली बाजू पदार्थाला लागू नये, असं २०१८च्या पॅकेजिंग नियमांत आहे. तुमचा केक बेसवर असतो, पण ब्राउनी नुसत्या ठेवत असाल तर खाली बटर पेपर घाला.

---

गुलबक्षी

आणि तो गोल स्टिकर? दोन वेगळ्या मशीनवरचे दोन अबोली जुळवायचा हट्ट का? आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, हुबेहूब ब्लाउजपीस मिळत नसेल तर जवळचं घेऊच नका, सरळ काँट्रास्ट घ्या. जवळचं घेतलं की फसल्यासारखं दिसतं. काँट्रास्ट घेतला की लोक म्हणतात, काय चॉइस आहे!

---

शाईवाला

ताई, या धाग्यातला सगळ्यात स्वस्त सल्ला हा. स्टिकर पांढरा करा, त्यावर फक्त डाळिंबी लोगो. अबोलीला अबोली लागतच नाही, मग जुळवायचं काय?

---

शिवकाशीकर_जावई

एवढा त्रास कशाला? शिवकाशीला द्या, कॅलेंडरं आणि लग्नपत्रिका सगळ्या तिकडूनच येतात. रंग चांगले आणि दरही कमी.

---

कोकणी_मेवा

१००० बॉक्ससाठी? ट्रान्सपोर्टमध्येच गेले पैसे. आणि नमुन्यावर सही करायला जावई जाणार का?

---

ओव्हनवाली

सगळं वाचून पत्र परत लिहिलं. लांबलंय, पण काकांना वाचायची सवय आहे, ते प्रूफही चष्मा पुसून वाचतात.

*काका, सा. न.*

*अर्धा किलोचे १००० बॉक्स करायचे आहेत, माप मागचंच. मागच्या वेळी रंगाबद्दल मी नीट सांगितलं नव्हतं आणि फाइलही व्हॉट्सअॅपच्या फोटोची दिली होती. या वेळी पीडीएफ पेनड्राइव्हवर आणते.*

*या वेळी मिक्स जॉबमध्ये टाकू नका. दोन स्पेशल कलरमध्ये एकटा जॉब करायचा आहे. त्याचा दर वेगळा पडेल हे मला माहीत आहे, तो कळवा.*

*जुळलाच पाहिजे असा रंग एकच : झाकणाचा अबोली (पँटोन १७० सी). सोबत डिझायनरकडून आणलेला तुकडा जोडला आहे. शेडबुक आणि तुकडा यांत फरक वाटला तर तुकडा धरा. थोडा फिका किंवा गुलाबीसर चालेल. विटकरीकडे झुकलेला चालणार नाही. पहिल्या बॉक्सपासून शेवटच्यापर्यंत तो सारखा राहावा ही विनंती, कारण गिऱ्हाईक कधीकधी तीन-चार बॉक्स एकत्र नेतं.*

*लोगोचा डाळिंबी (२०२ सी) : थोडा गडद झाला तरी हरकत नाही. तपकिरी नको.*

*क्रीम छापायचा नाही. बाजू कोऱ्या ठेवा. बोर्ड दोन्हीकडून पांढरा घेऊ, निळसर नको, जरा उबदार पांढरा. बोर्डाचे दोन-तीन तुकडे दाखवलेत तर मी निवडते. हिरवं चिन्हही या वेळी बॉक्सवर नाही, ते मी लेबलवर घेते. स्टिकर जुळवायची गरज नाही, तो पांढरा केला आहे.*

*शाई मिसळली की याच बोर्डावर ओढून, वाळवून, मॅट लॅमिनेशनसकट नमुना ठेवा. मी सकाळी अकराला येते, आपण दारातल्या उजेडात बघू आणि तुकड्यावर दोघं सही करू. त्यानंतर अबोली त्या तुकड्यासारखा आला तर तक्रार करणार नाही.*

*उरलेली अबोली शाई टाकून देऊ नका. डब्यावर नाव लिहून ठेवा, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.*

---

शाईवाला

हे पत्र आलं तर मी चहा मागवेन. एकच दुरुस्ती. डब्यातल्या शाईवर दुधासारखी साय धरते. वर कागद दाबून बंद केला तर काही महिने टिकते, पण सहा महिन्यांनी तीच शाई तशीच चालेल असं धरू नका. मिसळताना कोणती शाई किती ग्रॅम घेतली ते काकांना डब्यावर लिहायला सांगा. शाई संपली तरी प्रमाण राहतं.

---

संगणकमित्र

"तुकड्यासारखा" म्हणजे किती सारखा? मोजायचं यंत्र असतं, फरक आकड्यात येतो. साधारण दोनच्या आत फरक असावा असं लिहायला हवं. नाहीतर उद्या ते म्हणतील जुळतोय, आणि तुम्ही म्हणाल नाही.

---

शाईवाला

यंत्र काकांकडे नाही, आणि माझ्याकडेही नाही. दोघांचे डोळे आणि दारातला उजेड. पण तुमचा मुद्दा खोटा नाही. सही केलेल्या तुकड्यापेक्षा वेगळं आलं तर परत छपाईचा बोर्ड कोणी भरायचा, हे पत्रात नाहीये.

---

दप्तरदार

ते लिहायलाच हवं. प्रिंटरने भरायचा.

---

शाईवाला

पूर्ण? पाचशे बरोबर आले आणि पाचशे किंचित वेगळे, तर? आमच्याकडे सहसा अर्धं-अर्धं ठरतं. लिहून कोणी देत नाही.

---

गुलबक्षी

नका लिहू. ज्या माणसाकडे परत जायचंय त्याच्या पत्रात दंड नको.

---

दप्तरदार

परत जायचंय म्हणूनच लिहायचं.

---

ओव्हनवाली

यावर मी अजून काही ठरवलं नाहीये. पत्र मात्र तसंच देऊन आले. आज काकांनी ते परत पाठवलं, प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने बरोबरची खूण करून. मॅट लॅमिनेशनसमोर प्रश्नचिन्ह आहे : "ग्लॉस का नको? फ्रिजमधल्या ओलीने मॅटवर बोटं उठतात." आणि खाली एक प्रश्न, जो मला सुचलाच नव्हता : "झाकणाची जीभ आत जाते तिथेही अबोली हवा का? कोरी सोडली तर बॉक्स उघडताना कड पांढरी दिसेल."

---

शाईवाला

हवा म्हणा. घडीच्या पुढे निदान अर्धा इंच तरी रंग जाऊ द्या. घडीवर शाई तडकते, पण ते लॅमिनेशन सांभाळेल. आणि ग्लॉसचं काका बरोबर बोलतायत. एका तुकड्यावर दोन्ही मारून मागा.

---

सुगरणबाई

जीभ अबोली कशाला, ती तर चॉकलेट खाऊन तपकिरीच होणार.

---

पेठकर

सुगरणबाई, बॉक्सची जीभ हो 😀